काउंटर-स्ट्राइकच्या पेट्या: हौस की जुगार? पोराच्या खात्यात नेमकं बघायचं काय?

मुळशीकर (धागाकर्ता) · शनिवार, रात्री ११.४०

मुलगा सोळाचा, अकरावी सायन्स. काउंटर-स्ट्राइक खेळतो हे ठाऊक होतं आणि त्याबद्दल तक्रारही नव्हती. मार्क बरे असतात, मित्रही हेच खेळतात. परवा गाडीच्या कर्जासाठी बायकोचं बँक स्टेटमेंट काढलं, त्यात स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या नावाने बारक्या बारक्या रकमा दिसल्या. दोनशे, तीनशे, मध्येच साडेसातशे. सात महिन्यांची बेरीज अठरा हजार चारशे. आईच्या फोनचा यूपीआय पिन चिरंजीवांना पाठ आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

विचारलं तर शांतपणे म्हणाला, "गेम नाही घेत बाबा, किल्ल्या घेतो." खेळता खेळता पेटी म्हणे फुकट पडते, पण ती उघडायची किल्ली अडीच डॉलरची. आत बंदुकीवर चढवायचा रंग निघतो, त्याला स्किन म्हणायचं. त्याने गोळी काही जोरात लागत नाही, बंदूक नुसती छान दिसते.

म्हटलं, दाखव. खुर्ची ओढून शेजारी बसलो. किल्ली लावली की बंदुकांच्या चित्रांची पट्टी सरसर पळते, टक टक टक असा आवाज येतो, मग ती मंदावत जाते. मधोमध एक उभी रेघ. एक सोनेरी चौकोन त्या रेघेपाशी आला, रेघेला टेकला आणि अर्धं बोट पुढे सरकला. पट्टी थांबली निळ्यावर. "श्या, थोडक्यात हुकला चाकू!" हे म्हणतानाचा पोराचा चेहरा बघितला आणि मला आमच्या चाळीतले आकडा लावणारे तात्या आठवले. तेही असंच म्हणायचे, "एका घराने गेला रे."

तर दोन प्रश्न. हा जुगार म्हणायचा, की मटक्याच्या काळात वाढलेल्या माणसाला सगळीकडे मटका दिसतोय? आणि घरच्यांनी बघायचं काय? तास मोजून उपयोग नाही, तास तो कमीच खेळतो.

---

भाकरतुकडा · शनिवार, रात्री ११.५८

आम्ही बिग फनच्या च्युइंगमच्या कागदांसाठी खाऊचे पैसे घालवायचो. रन आणि विकेटची चित्रं जमवायची. एकेकाकडे गठ्ठे असायचे आणि नेमकी हवी तीच विकेट कुणाकडे नसायची. दात किडले, बाकी कुणी बिघडलं नाही. अठरा हजार जास्त आहेत हे मान्य, पण पिन बदला आणि झोपा शांत.

---

रुपाली_न · रविवार, सकाळी ७.१०

चांगला विषय काढलात. माझी मुलगी पंधराची, स्किनच्या मागे वेडी झाली आहे. दर आठवड्याला एक पार्सल, सीरम काय, टोनर काय. मीही त्या पेट्या लपवून ठेवते. डॉक्टर म्हणतात या वयात काही लावायची गरज नाही.

---

भाकरतुकडा · रविवार, सकाळी ७.३२

रुपालीताई, ही बंदुकीची त्वचा आहे हो. ह.ह.पु.वा.

---

निळी_पेटी · रविवार, सकाळी १०.१५

काका, मी २२, नाशिकचा, सात वर्षं हाच गेम खेळतोय, म्हणून लिहितो. जुगार म्हणजे हरलात तर हात रिकामे. इथे प्रत्येक पेटीतून काहीतरी निघतंच. आकडेसुद्धा जाहीर आहेत. निळी ७९.९२ टक्के, जांभळी १५.९८, गुलाबी ३.२, लाल ०.६४ आणि सोनेरी म्हणजे चाकू किंवा हातमोजे ०.२६. लपवाछपवी काही नाही. ज्याला परवडतं त्याने उघडावी. सिनेमाला गेलात तर पॉपकॉर्नलाच पाचशे जातात, तिथे कुणी जुगार म्हणत नाही.

आणि ती सोनेरी रेघेला टेकून गेली वगैरे, त्यावर जाऊ नका. निकाल सर्व्हरकडे आधीच लागलेला असतो. पट्टी नुसती दाखवायला पळते.

---

दशांश_चिन्ह · रविवार, सकाळी ११.०२

नुसती दाखवायलाच पळत असेल तर सरळ निकाल का नाही दाखवत? निळी_पेटी, तुम्ही तुमच्याच बाजूने साक्ष देताय असं वाटतं, पण ती उलटतेय.

कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून तुमच्या ०.२६ वर जरा हात चालवला. मुळशीकरांच्या मुलाने चाळीस पेट्या उघडल्या असं धरू. किल्ल्यांचे झाले पावणेनऊ हजारांच्या आसपास. त्यातून सरासरीने बत्तीस निळ्या, सहा-सात जांभळ्या आणि एखादी गुलाबी निघणार. चाळीस पेट्यांत एकही चाकू न निघण्याची शक्यता नव्वद टक्के.

आता पोरं काय म्हणतात? "३८५ पेट्यांत एक चाकू येतो." सरासरी म्हणून बरोबर आहे. पण ३८५ पेट्या उघडणाऱ्या शंभर पोरांपैकी सदतीस जणांना एकही मिळत नाही, कारण मागच्या पेट्या पुढच्या पेटीला ठाऊक नसतात. ३८५ किल्ल्या म्हणजे साधारण ९५८ डॉलर, रुपयांत ऐंशी हजारांच्या वर. "इतक्या उघडल्या, आता येईलच" हे वाक्य घरात ऐकू आलं की कान टवकारावेत. वर्गात मी हे दर वर्षी नाणेफेकीवर शिकवतो. पुढच्या वर्षी उदाहरण बदलणार.

---

बाजारबुणगा · रविवार, दुपारी १२.४०

सगळे उघडण्याबद्दलच बोलताय. शहाणा माणूस पेटी उघडतच नाही. २०२० मध्ये मी स्वस्तातल्या पेट्या घेतल्या आणि नुसत्या ठेवून दिल्या, तीन वर्षांत त्यांचे कितीतरी पट झाले. हे शेअरसारखं आहे. पोराला रागावण्याऐवजी बाजार समजावून द्या, उद्या उपयोगी पडेल.

---

दशांश_चिन्ह · रविवार, दुपारी १२.५१

शेअरमागे कंपनी असते. इथे कंपनीच दुकानदार, कंपनीच टांकसाळ आणि नियमही तिचेच. २२ ऑक्टोबर २०२५ ला काय झालं ते सांगता का?

---

बाजारबुणगा · रविवार, दुपारी १.१५

सांगतो, लाज कसली. त्या रात्रीच्या अपडेटमध्ये पाच लाल स्किन देऊन एक चाकू किंवा हातमोजे घ्यायची सोय केली. सकाळी उठलो तेव्हा चाकूंचे भाव आपटलेले आणि लाल स्किनचे वर. माझ्याकडे एक चाकू होता. पेट्यांवर नफा झाला हे खरं, चाकूवरचं विचारू नका.

---

भाकरतुकडा · रविवार, दुपारी १.१८

म्हणजे शेवटी विकेट पडलीच.

---

रात्रपाळी · रविवार, रात्री १.०५

उशिरा वाचला धागा. ऑनलाइन पेमेंटमधली फसवणूक पकडण्याच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, त्यात गेमची खाती भरपूर बघितली. मुळशीकर, तुम्ही बघितलीत ती पट्टी म्हणजे दिवाणखाना. खरा अड्डा मागच्या खोलीत असतो.

पेट्या आणि स्किन आल्या ऑगस्ट २०१३ मध्ये. पेटीतून नशिबाने वस्तू निघणं बऱ्याच गेममध्ये असतं, पण ती बहुधा तुमच्याच खात्यात पडून राहते. इथे ती दुसऱ्याला देता येते. स्टीमच्याच बाजारात विकली तर पंधरा टक्के कापून बाकीचे पैसे स्टीमच्या पाकिटात येतात, बँकेत नाही. पण देता येते म्हटल्यावर स्टीमबाहेर तिला रोख गिऱ्हाईक मिळतं, आणि जी वस्तू कुणालाही देता येते, जिचा भाव रोज छापून येतो, ती वस्तू राहत नाही, चिप होते. कॅसिनोत टेबलावर ठेवतात ती.

तेवढ्यावर बाहेरच्या वेबसाइट उभ्या राहिल्या. पोरगं तिथे स्टीमच्याच बटणाने लॉगिन करतं, आपली ट्रेड लिंक, म्हणजे वस्तू देण्याघेण्याचा पत्ता, चिकटवतं, आपल्या सामानातली एक स्किन निवडतं. ती स्किन ट्रेडने दुसऱ्या खात्यात जाते आणि साइटवर त्याला 'कॉइन' मिळतात. मग नाणेफेक, रुलेट, पेट्यांची झुंज, जे हवं ते. जिंकला तर कॉइन देऊन दुसरी स्किन काढायची. यात बँकेला कुठेही काही दिसत नाही. तिला दिसतं ते फक्त 'स्टीम'.

२०१६ च्या उन्हाळ्यात उघड झालं की अशाच एका साइटवर आपण कसे जिंकतो याचे व्हिडिओ टाकणारे दोन नामांकित यूट्यूबर, ट्रेव्हर मार्टिन आणि टॉमस कॅसल, त्या साइटचे मालकच होते. काउंटर-स्ट्राइक आणि स्टीम दोन्हींची मालक कंपनी व्हॉल्व्हने त्या जुलैत तेवीस साइटना नोटिसा धाडल्या. सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या दोघांशी तडजोड केली. दंड शून्य, पुढे हितसंबंध उघड करा एवढीच अट. साइट काही संपल्या नाहीत, नावं बदलली. २०१८ मध्ये ट्रेड झालेल्या वस्तूवर सात दिवसांची अडवणूक आली, तेव्हा बऱ्याच साइटनी आपली खाती मध्ये ठेवणं सोडलं आणि एका खेळाडूची स्किन परस्पर दुसऱ्याकडे जाईल अशी व्यवस्था केली.

निळी_पेटी, ते जाहीर आकडे २०१७ चे आहेत आणि चीनमधल्या कायद्याने भाग पाडलं म्हणून तिथल्या कंपनीने छापले. स्वखुशीने नव्हे.

मुळशीकर, एक करा. मुलाला शेजारी बसवून, त्याच्याच हाताने, ही दोन पानं उघडायला लावा:

```
https://help.steampowered.com/en/accountdata/AccountSpend
https://steamcommunity.com/my/inventoryhistory
```

पहिल्यावर आजवर खात्यात बाहेरून एकूण किती पैसे आले ते दिसेल. दुसऱ्यावर प्रत्येक वस्तू आली कुठून आणि गेली कुठे. तिथे अशा ओळी शोधा, ज्यात वजा चिन्हाने स्किन गेली आहे आणि बदल्यात काहीच आलेलं नाही. मित्राला भेट म्हणून एखादी जाते. पाच-सहा अनोळखी नावांना गेल्या असतील तर ती भेट नव्हे.

---

आजोबा_बासष्ट · सोमवार, सकाळी ६.२०

मुलांना मैदानावर पाठवा. विषय संपला.

---

भाकरतुकडा · सोमवार, सकाळी ६.४१

आजोबा, मैदानावर टॉवर झाला.

---

मुळशीकर · सोमवार, रात्री १०.५०

रात्रपाळी, पानं उघडली. लिहायला हात होत नाहीये, पण कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

अठरा हजार चारशेपैकी किल्ल्यांचे फक्त पाच हजार निघाले, तेवीस पेट्या. उरलेल्या तेरा हजारांत त्याने स्टीमच्या बाजारातून तयार स्किन विकत घेतल्या होत्या, अकरा नग. मला आधी बरंच वाटलं, म्हटलं निदान बघून तरी घेतल्या. मग दुसरं पान. अकराही गेलेल्या. प्रत्येक ओळीत वजा चिन्ह, खाली काही नाही, नऊ वेगवेगळी अनोळखी नावं.

तारखा लावून बघितल्या. सहाला घेतली की चौदाला गेली. वीसला घेतली, अठ्ठावीसला गेली. दर वेळी सात-आठ दिवसांचं अंतर. मला वाटलं, काहीतरी ठरवून चाललंय. त्याने सांगितलं, ठरवून नाही, बाजारातून घेतलेली वस्तू सात दिवस कुणाला देताच येत नाही. म्हणजे पोरगं आठवडाभर वाट बघत बसायचं.

सुरुवात एका स्ट्रीमरच्या कोडने झाली. कोड टाकला की साइटवर थोडे कॉइन फुकट. ते संपले. मग नऊशे रुपयांची एक स्किन लावली, नाणेफेकीत जिंकला आणि सतराशेची काढून घेतली. ती खरंच त्याच्या खात्यात आली, तीही पानावर दिसते, एकुलती एक अधिक चिन्हाची ओळ. "म्हणून मला वाटलं साइट जेन्युइन आहे," असं म्हणाला. नंतरच्या तीन महिन्यांत सगळं गेलं, त्या सतराशेसकट.

आणि त्या दिवशी माझ्यासमोर पेटी उघडून दाखवली ती का, तेही आज कळलं. ते दाखवणं त्याला सोपं होतं.

---

रुपाली_न · सोमवार, रात्री ११.०५

बाप रे. मी उगाच सीरमचं लिहिलं. मुलाला फार बोलू नका हो, त्याने सांगितलं तरी.

---

घेंटकर · मंगळवार, पहाटे ३.१२

बेल्जियममध्ये राहतो, म्हणून इथलं सांगतो. एप्रिल २०१८ मध्ये इथल्या गेमिंग कमिशनने फिफा, ओव्हरवॉच आणि काउंटर-स्ट्राइकमधल्या पेट्या जुगार ठरवल्या. तेव्हापासून इथे पेटी उघडायचं बटण चालत नाही. शेजारच्या नेदरलँड्सनेही तेच केलं, पण तिथे २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने फिफा गेमच्या कंपनीचा दंड रद्द केला, म्हणजे दोन शेजाऱ्यांचं अजून एकमत नाही. फ्रान्समध्ये तिसरीच तऱ्हा. तिथे उघडण्याआधी पेटीत काय आहे ते दाखवतात, पण ते घेतल्याशिवाय पुढची पेटी बघता येत नाही.

आमच्या मुलाने काय केलं? इथे पेटी उघडत नाही म्हणून व्हीपीएन लावून एका बाहेरच्या साइटवर नकली पेट्या उघडल्या. रात्रपाळी म्हणतात ती मागची खोली. म्हणजे कायद्याने दिवाणखाना बंद केला आणि पोरगं थेट आतच गेलं. तरी मी बंदीच्या बाजूचा आहे. धाकटीला तो दिवाणखाना माहीतच नाही.

---

अर्धा_वकील · मंगळवार, सकाळी ९.४५

वरिष्ठांकडे उमेदवारी करतोय, म्हणून हे नाव. आपल्याकडे संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वादच त्याने बाजूला ठेवला. पैसे किंवा 'इतर पण', म्हणजे डावावर ठेवायचं दुसरं काहीही, लावून, बदल्यात पैशाच्या किंवा इतर लाभाच्या आशेने खेळला की तो मनी गेम. आणि या 'इतर पणा'त कॉइन, टोकन आणि आभासी वस्तूसुद्धा येतात, त्या पैशात बदलता येत असतील तर. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, पण चालवणाऱ्याला. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, त्यामुळे मुळशीकर, मुलाची ती काळजी नको.

बाहेरची साइट यात बसते असं मला वाटतं. पेटीचं मात्र भांडण आहे. कंपनी म्हणेल, स्किन म्हणजे वापरायचा परवाना, आम्ही तिचे पैसे देत नाही. समोरचा म्हणेल, बाजारभाव छापून येतो आणि परवाना कसला. कोर्टात गेल्याशिवाय हे सुटायचं नाही.

पैसे परत मिळतील का? अल्पवयीनाचा करार आपल्याकडे रद्दबातलच असतो, पण पत्ता नसलेल्या साइटला नोटीस पाठवणार कुठे?

---

मुळशीकर · मंगळवार, सकाळी १०.०२

स्टीमकडून काही परत मागता येईल का?

---

रात्रपाळी · मंगळवार, दुपारी २.३०

पाकिटात भरलेले आणि न वापरलेले पैसे चौदा दिवसांच्या आत मागता येतात. त्यांच्याच गेममधली वस्तू अठ्ठेचाळीस तासांत, तीही वापरलेली किंवा दुसऱ्याला दिलेली नसेल तर. पेटीला लावलेली किल्ली गेली ती गेली. बँकेत जाऊन व्यवहार नाकारू नका, स्टीमच्या खात्यावर निर्बंध येतात.

शेवटची स्किन कधी गेली? जुलै २०२५ पासून काउंटर-स्ट्राइकच्या वस्तूंचा ट्रेड सात दिवसांत उलटवता येतो.

---

मुळशीकर · मंगळवार, दुपारी ३.१०

पाच दिवस झाले! बावीसशेची होती.

---

बाजारबुणगा · मंगळवार, दुपारी ३.१४

मग बघताय काय, उलटवा. बेकायदा साइट आहे, तिची दया कसली?

---

निळी_पेटी · मंगळवार, दुपारी ४.००

थांबा काका. रात्रपाळींनी वर लिहिलंय ते परत वाचा. स्किन हल्ली साइटकडे नसते, परस्पर दुसऱ्या खेळाडूकडे जाते. ती ज्याच्याकडे आहे त्याने आपले कॉइन देऊन घेतली असणार. उलटवलीत तर साइटचं काही जात नाही, त्या पोराची जाते. शिवाय सात दिवसांतले सगळेच ट्रेड उलटतात आणि तुमच्या खात्याला महिनाभर ट्रेड आणि बाजार बंद. ते बंद झालेलं तुम्हाला बरंच, हे वेगळं.

आणखी एक बघाच. स्टीमवर `steamcommunity.com/dev/apikey` हे पान उघडा. मुलाने स्वतः काही प्रोग्रॅम लिहिला नसेल तर तिथे एपीआय की, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमला खात्यातले ट्रेड हाताळू देणारा सांकेतिक शब्द, असता कामा नये. अशा साइटच्या नकली जुळ्या असतात. त्यांच्यावर लॉगिन केलं की तुमच्या नावाने तिथे की काढून ठेवतात. मग तुम्ही मित्राला पाठवलेला ट्रेड परस्पर रद्द होतो आणि मित्राचंच नाव-फोटो लावलेल्या दुसऱ्या खात्याचा ट्रेड समोर येतो. फोनवर घाईत मान्य केलं की संपलं. माझा पहिला चाकू असाच गेला, अकरावीतच होतो. घरी आजवर सांगितलेलं नाही.

---

दशांश_चिन्ह · मंगळवार, सायंकाळी ५.२०

निळी_पेटी, चाकू गेल्यावर तुम्ही किती पेट्या उघडल्यात?

---

निळी_पेटी · मंगळवार, सायंकाळी ५.४८

तुम्ही सर लोक नेमकं तेच विचारता. बऱ्याच.

तरी पेटी आणि ती साइट एकच, हे मला पटत नाही. मी साइटवर एकदाही गेलो नाही. पण मुलगा कुठली स्ट्रीम बघतो ते विचारा. खेळाच्या स्ट्रीम वेगळ्या आणि दिवसभर पेट्या उघडणाऱ्यांच्या वेगळ्या. दुसऱ्या प्रकारात खाली कायम एक कोड चिकटवलेला असतो. आणि बोलण्यात 'ट्रेड'ऐवजी 'डिपॉझिट' आणि 'विथड्रॉ' यायला लागलं तर तो गेमबद्दल बोलत नाहीये.

---

शाळेचा_डबा · मंगळवार, रात्री ८.१५

नववी-दहावीला शिकवते. आमच्याकडे मुलं एकमेकांच्या खात्यावरून करतात. घरी कडक आहे त्याचा माल, घरी मोकळीक आहे त्याचं खातं. वाढदिवसाला पुस्तकाऐवजी गिफ्ट कार्डचा कोड मागणारी मुलं मला गेल्या वर्षी पहिल्यांदा दिसली. त्यामुळे मुळशीकर, पिन बदलून थांबू नका, पण खातंच उडवलंत तर तो दिसायचा बंद होईल, खेळायचा नाही.

---

घेंटकर · मंगळवार, रात्री ९.३०

स्टीम फॅमिलीज नावाची सोय आहे. मुलाचं खातं 'चाइल्ड' म्हणून जोडलं की दुकान आणि कम्युनिटी बंद ठेवता येते, खरेदीची विनंती तुमच्याकडे येते. आम्ही केलं. एक भोक राहतंच: बाहेरची साइट थेट गिफ्ट कार्ड किंवा क्रिप्टोही घेते, तिथे स्टीमला काहीच कळत नाही.

---

रुपाली_न · बुधवार, सकाळी ७.०५

परत येतेय. काल मुलीची पार्सलं नीट बघितली. सीरम दोनच आहेत. बाकी सगळ्या बाहुल्यांच्या बंद पेट्या, आत कोणती आहे ते उघडल्यावर कळतं. दुर्मिळ निघाली तर मैत्रिणीला दुप्पट भावात विकते म्हणे. म्हणजे माझा प्रश्न आधीपासून इथलाच होता का?

---

भाकरतुकडा · बुधवार, सकाळी ७.२२

ताई, तुम्ही पहिल्याच प्रतिसादात 'पेट्या लपवते' लिहिलं होतंत. हसल्याबद्दल माफी.

---

रात्रपाळी · बुधवार, सकाळी ७.४०

दुप्पट भावात विकते, की विकेल म्हणते? आजवर खरंच किती विकल्या ते विचारा.

---

मुळशीकर · गुरुवार, रात्री ११.१५

ट्रेड उलटवला नाही. निर्णय घेतला असं म्हणवत नाही. आम्ही दोघं काल रात्री उलटवायच्या पानापर्यंत गेलो होतो. तो म्हणाला, "बाबा, पलीकडचा पण माझ्याएवढाच असेल." मी म्हटलं, किंवा चाळीस वर्षांचा धंदेवाईक असेल. कोण आहे ते कळायला मार्ग नाही. बोलत बसलो तोवर मुदत उलटून गेली. बायकोच्या मते दोघंही मूर्ख आहोत आणि बावीसशे रुपये मी द्यायचे आहेत.

त्या एपीआय कीचं पान रिकामं होतं. पिन बदलला. खातं फॅमिलीत जोडलं, त्याआधी त्याने स्वतःच उरलेलं विकायला काढलं. तेवीस पेट्यांतल्या बहुतेक सगळ्या निळ्या अजून होत्या, त्या साइटवर कुणी घेत नव्हतं म्हणून. एक विकायला लावली. बाजारात सगळ्यात खालचा भाव तीन सेंट, त्यातले दोन सेंट कमिशन, हातात एक. दशांश सर, मी बेरीज करून दिली नाही, त्यानेच केली. मग बाकीच्या विकायच्या नाहीत म्हणाला, राहू देत.